भाकरी आणि बोल

सोलापूरकडे ज्वारीची भाकरी घरोघरी होते. ती कशी करावी हे दाखवणारी एका मिनिटाची चित्रफीत पाहून पुष्कळ लोक शिकू पाहतात. अशा चित्रफितीत करणाऱ्या बाईचे हात दिसतात आणि कृती सांगणारे बोल ऐकू येतात. हात आणि बोल यांचा मेळ बसला नाही, तर पाहणाऱ्याची भाकरी बिघडते.

ज्वारीचे पीठ गव्हाच्या कणकेसारखे चिवट नसते. म्हणून ते गरम पाण्याने भिजवून तळहाताच्या टाचेने चांगले मळावे लागते. तळहात पुढे रेटला जात असताना ‘मळा’ हा शब्द उच्चारावा. मग परातीत कोरडे पीठ भुरभुरून गोळा थापावयाचा. येथे हाताला स्वतःचाच ताल असतो. दोन थापा पडतात आणि भाकरी किंचित फिरते. बोलही तसेच असावेत : ‘थापा, थापा, फिरवा.’ या ठिकाणी लांबलचक वाक्य घातले, तर ते संपण्यापूर्वीच भाकरी तव्यावर जाते.

खरी कसोटी तव्यावर लागते. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी तापलेल्या तव्यावर टाकतात आणि तिच्यावर हाताने पाणी फिरवतात. प्रथम ती ओली बाजू चकाकते. मग चकाकी हळूहळू मावळू लागते. पाणी सुकत आले, पण पुरते सुकले नाही, हीच उलटण्याची वेळ होय. घाई केली तर ओले पीठ तव्याला चिकटते. उशीर केला तर भाकरीला भेगा पडतात. भेगांतून वाफ निसटते आणि मग भाकरी फुगत नाही.

म्हणून चित्रफितीत मळण्याचा आणि थापण्याचा काही भाग गाळला तरी चालतो. परंतु पाणी फिरवल्यापासून उलटेपर्यंतचा भाग अखंड ठेवावा लागतो. त्या वेळी बोलणाऱ्याने गप्प राहावे. चकाकी मावळू लागताच ‘आता उलटा’ एवढेच म्हणावे. हे शब्द हात उचलण्याच्या किंचित आधी यावेत. हात फिरल्यावर ते आले, तर पाहणाऱ्याची नजर चकाकीकडे जातच नाही आणि नेमकी खूण त्याच्या हातून निसटते.

असा मेळ साधण्याची एक सोपी रीत आहे. आधी नेहमीच्या गतीने भाकरी करून तिचे चित्रण करावे आणि थापण्याचा आवाज तसाच राहू द्यावा. नंतर ते चित्रण पाहत पाहत बोल म्हणावेत. एखादे वाक्य मावत नसेल, तर वाक्य तोडावे. हातांची गती वाढवू नये.

दुसरी बाजू भाजून झाली, की पहिली बाजू विस्तवाकडे करतात. आत कोंडलेल्या वाफेने पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. तेथे मात्र शब्दांची गरज उरत नाही.