बत्तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेलं मूल शाळेत जाताना काय पाहावं?

सातव्या महिन्यात जन्मलेलं, एनआयसीयूत दीड-दोन महिने काढलेलं बाळ दोन वर्षांचं होतं. चालतं, बोलतं, हाक मारली की वळून बघतं. तपासणीत डॉक्टर "सगळं ठीक आहे" म्हणतात, फाइल कपाटात जाते आणि पुढच्या तारखा आपोआप गळतात. माझ्याकडे ही मुलं नंतर सर्दी-खोकल्यासाठी येतात. पाच-साडेपाच वर्षांची झाली की आई जाता जाता विचारते, "डॉक्टर, हुशार आहे, पण टीचर म्हणतात लक्ष नसतं. काही असेल का?"

दोन वर्षांची तपासणी खोटी नसते. पण त्या वयात मुख्यतः मोठ्या अडचणी शोधल्या जातात: हातापायांत ताठरपणा आहे का, ऐकू येतं का, दिसतं का, शब्द येतात का. एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, फळ्यावरचं बघून वहीत उतरवणं, आकड्यांचा अर्थ लागणं हे दोन वर्षांच्या मुलाकडून कोणी मागतच नाही. ते शाळा मागते. त्यामुळे या अडचणी शाळेतच पहिल्यांदा दिसतात.

याचं कारण जन्माच्या वेळेत आहे. साधारण चोविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांत मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडणाऱ्या 'तारा' आणि त्यांच्यावरचं आवरण तयार करणाऱ्या पेशी फार नाजूक असतात. नेमका हाच काळ बाळाने गर्भाशयाबाहेर, व्हेंटिलेटर आणि जंतुसंसर्गाच्या सोबतीने काढलेला असतो. डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल असली तरी या जोडण्या थोड्या संथ राहू शकतात. प्रत्येक मुलाला हा त्रास होतो असं नाही. पण जन्म जितका लवकर, तितकी शक्यता जास्त.

जन्मतारीख आणि शाळेची तारीख

उदाहरणासाठी एक मुलगी घेऊ, तिला अन्वी म्हणू. अपेक्षित तारीख होती 21 जानेवारी 2020. जन्म झाला 5 नोव्हेंबर 2019 ला, म्हणजे 11 आठवडे आधी, एकोणतिसाव्या आठवड्यात. वजन 1150 ग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी, म्हणजे आरओपीसाठी, लेझर करावं लागलं.

महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अन्वीची होतात, म्हणून जून 2025 मध्ये ती पहिलीत बसू शकते. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी ती एक असेल. वेळेवर जन्मली असती तर ती पुढच्या वर्षीच्या तुकडीत, तिथल्या मोठ्या मुलांत बसली असती. अकरा आठवड्यांनी तिचं अख्खं एक वर्ष बदललं. दोन वर्षांपर्यंत आपण विकास अपेक्षित तारखेपासून, म्हणजे 'करेक्टेड' वयाने मोजतो. नंतर ते मोजणं बहुतेक ठिकाणी थांबतं. शाळा प्रवेशाच्या वेळी मात्र हा हिशेब एकदा पुन्हा मांडावा.

मग एक वर्ष थांबवावं का? जर्मनीतल्या बव्हेरियामध्ये अशा मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा नुसत्या उशिरा प्रवेशाने शिक्षकांच्या मूल्यमापनात फायदा दिसला नाही. माझं मत असं: थांबायचं असेल तर त्या वर्षात काय करणार ते आधी ठरवा. काही न करता सीनियर केजीचं वर्ष पुन्हा काढलं, तर अडचण तशीच राहते आणि मूल फक्त एक वर्षाने मोठं होतं.

घरी काय दिसतं

अन्वी शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. सगळी गाणी पाठ. म्हणून घरात कोणालाच शंका नाही. पण पाच बिस्किटांपैकी दोन खाल्ली, किती उरली, असं विचारलं की ती गोंधळते. "चपला जागेवर ठेव, हात धू आणि डबा ओट्यावर ठेव" म्हटलं तर चपला ठेवते आणि उरलेलं विसरते. आई त्याला आळस म्हणते. त्रिकोण बघून काढताना कोपरे जुळत नाहीत, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चेंडू झेलता येत नाही. वर्गात ती दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत शांत बसते.

हे शांत बसणंच फसवं असतं. लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये लक्ष न लागणं बऱ्याचदा धिंगाण्याशिवाय येतं. पन्नास मुलांच्या वर्गात दंगेखोर मूल शिक्षकांना दिसतं, गप्प मूल दिसत नाही. यातली एखादी गोष्ट या वयात कोणत्याही मुलात दिसेल. तीन-चार एकत्र आणि काही महिने दिसत राहिल्या, तर मात्र थांबू नका.

तपासणीचा क्रम

सगळ्यात आधी डोळे. आरओपी झालेल्या मुलांत, उपचार नीट झाले असले तरी, मायनस नंबर आणि तिरळेपणा जास्त आढळतो. अन्वीला फळाच नीट दिसत नसेल तर 'लक्ष नाही' या तक्रारीला अर्थ उरत नाही. शाळेतला तक्ता वाचून घेणं पुरेसं नाही, नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी हवी. मग ऐकणं. जन्मानंतरची चाचणी पास झाली असली तरी एनआयसीयूतल्या काही मुलांत ऐकू येणं नंतर कमी होतं, म्हणून शाळेआधी एकदा पुन्हा बघावं. जाता जाता रक्तदाबही मोजून घ्या, या मुलांत तो थोडा जास्त असू शकतो.

हे दोन्ही ठीक असेल, किंवा चष्मा लागूनही अडचण उरली, तर विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जा. ब्रिटनमध्ये अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या मुलांची चार वर्षांच्या वयात पुन्हा तपासणी करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे ती तारीख पालकांनाच लक्षात ठेवावी लागते. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रं आहेत, अंगणवाडीत किंवा शाळेत येणारं आरबीएसकेचं पथक तिथे पाठवू शकतं. जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या.

बुद्ध्यांकाचा एकच आकडा घेऊन परत येऊ नका. अन्वीचा एकूण आकडा 'सर्वसाधारण' येऊ शकतो, कारण तिची भाषा चांगली आहे. पण आत वेगवेगळे भाग पाहिले तर लक्षात धरून काम करण्याचा आणि आकार-जागा ओळखण्याचा भाग खाली असतो. शाळेला उपयोग त्याच माहितीचा आहे.

शिकण्याच्या अक्षमतेचं, म्हणजे एलडीचं, निदान साधारण आठव्या वर्षाआधी पक्कं करत नाहीत. तोपर्यंत मदत थांबवायचं कारण नाही. अन्वीसाठी शिक्षकांना द्यायची एका पानाची चिठ्ठी अशी असेल: किती आठवडे आधी जन्म, चष्मा आहे, पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरून उतरवायचं कमी करा, मोठ्या चौकोनांची वही चालू द्या. घरी बेरीज-वजाबाकी आधी चिंचोक्यांनी किंवा बिस्किटांनी, मग कागदावर. हाताच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पहिल्या सहामाहीनंतर शिक्षकांना पुन्हा भेटा आणि ठरवलेल्यापैकी काय उपयोगी पडतंय ते विचारा. तिसरी-चौथीत लिखाण आणि गणित एकदम वाढतं, तेव्हा हीच तपासणी परत करावी लागेल.