तुमच्या घराच्या भिंतींत किती सिलिंडर गॅस आहे? उत्रोलीतल्या एका छोट्या घराचा हिशोब

भोर शहराला लागूनच उत्रोली आहे. या भागातल्या कुठल्याही रस्त्याने गेलात की एक दृश्य हमखास दिसतं. जुनं कौलारू घर पाडलेलं असतं, अंगणात विटांचा ढीग असतो, शेजारी सिमेंटच्या गोण्या आणि गंज चढलेल्या सळ्या पडलेल्या असतात. खर्चाचा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर रुपयांत येतं. पण याच ढिगाचा आणखी एक हिशोब आहे. वीट भाजायला कोळसा लागला, सिमेंटसाठी चुनखडी प्रचंड तापवावी लागली, लोखंड वितळवावं लागलं. घरात पहिला दिवा लागण्याआधीच त्यात जी ऊर्जा खर्च झालेली असते, तिला एम्बॉडीड एनर्जी म्हणतात. मराठीत आपण तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणू.

ही ऊर्जा मेगाज्यूलमध्ये मोजतात. हे एकक ऐकून माझ्यासारख्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. म्हणून मी एक सोपं माप धरलं: स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर. त्यातला 14.2 किलो गॅस जाळला की साधारण 650 मेगाज्यूल उष्णता मिळते.

आकडे कुठून आले?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी 2003 मध्ये भारतीय बांधकाम साहित्याची ऊर्जा मोजून मांडली. या विषयावर आपल्याकडे बोलताना आजही हेच आकडे वापरले जातात. त्यांच्या हिशोबात एक किलो सिमेंट म्हणजे 5.85 मेगाज्यूल, एक किलो स्टील 42, एक किलो अॅल्युमिनियम सुमारे 237 आणि एक भाजलेली वीट सुमारे 4.25.

म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांत जवळजवळ एक सिलिंडर आहे. हजार विटांत साडेसहा. शंभर किलो सळईतही साडेसहाच. अॅल्युमिनियम दिसायला हलकं असलं, तरी दहा किलोच्या खिडकीत साडेतीन सिलिंडर दडलेले असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे आकडे वीस वर्षांहून जुने आहेत. आजच्या सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते आणि भट्ट्याही सुधारल्या आहेत, त्यामुळे गोणीमागची ऊर्जा कमी झाली आहे. भंगारापासून केलेल्या सळईलाही कमी ऊर्जा लागते. वीटभट्ट्यांमध्ये तर एकीत आणि दुसरीत मोठा फरक असतो. तेव्हा पुढचा हिशोब पै-पैचा नाही. कुठे जास्त जातं आणि कुठे कमी, एवढं समजायला तो पुरेसा आहे.

एक घरकुल मोजून पाहू

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. उत्रोलीत एवढंच घर बांधायचं आहे असं धरू. पाच मीटर बाय पाच मीटर, मध्ये एक भिंत, उंची तीन मीटर. दारं-खिडक्या वजा केल्या तर भिंत साधारण 65 चौरस मीटर भरते. पाया आणि गिलावा मी बाजूला ठेवतो. फक्त भिंती आणि छप्पर मोजू.

नेहमीची नऊ इंची विटांची भिंत घेतली तर 15 घनमीटर बांधकाम होतं आणि साधारण पावणेसात हजार विटा लागतात. मसाल्यासकट घनमीटरला 2,141 मेगाज्यूल धरले तर 32 हजार होतात. एकोणपन्नास सिलिंडर. वर काँक्रीटचा स्लॅब 30 चौरस मीटर, चौरस मीटरला 730 मेगाज्यूल. ते झाले 22 हजार, म्हणजे आणखी चौतीस सिलिंडर.

एकूण त्र्याऐंशी. वर्षाला सात-आठ सिलिंडर वापरणाऱ्या कुटुंबाचा हा दहा-अकरा वर्षांचा स्वयंपाक.

हे कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो, ‘जवळचा माल घ्या’. तो अर्धाच बरोबर आहे. विटा शंभर किलोमीटरवरून आणल्या तरी वाहतुकीचा खर्च भाजण्याच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असतो. म्हणजे शेजारच्या भट्टीतली वीटही जवळपास तेवढीच महाग. वाळू, खडी आणि दगड मात्र भाजावे लागत नाहीत. त्यांच्या ऊर्जेत ट्रकचाच वाटा मोठा, म्हणून त्यांच्या बाबतीत अंतर मोजावं.

दगड फुकट, पण मसाला नाही

भोरमध्ये दगडाला तोटा नाही. इथून जवळच असलेलं भाटघरचं लॉइड धरण 1927 मध्ये पुरं झालं, तेही दगडी बांधकामाचंच. हाताने फोडलेल्या काळ्या पाषाणात अंतर्भूत ऊर्जा जवळजवळ शून्य.

अडचण वेगळीच आहे. ओबडधोबड दगडाची भिंत अठरा इंचांपेक्षा पातळ होत नाही, आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा दगड नसून मसाला असतो. आपल्या घराच्या 29 घनमीटर दगडी भिंतीत असा दहा घनमीटर मसाला जाईल. तो एकास सहाचा सिमेंटचा असेल तर बारा हजार मेगाज्यूल, म्हणजे एकोणीस सिलिंडर. विटांपेक्षा निम्म्याहून कमी, पण शून्य नक्कीच नाही. शिवाय जाड भिंत जागाही खाते.

मग जुन्या लोकांसारखं चिखलात बांधलं तर? मसाल्याचा खर्च जवळपास संपतो. इथेच थांबून विचार करायला हवा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सगळ्यात जास्त जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. अशा भिंतीत बाहेरचा एक थर असतो, आतला एक, आणि मध्ये भरलेल्या कपच्या. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. उत्रोलीपासून कोयना सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि 1967 चा कोयनेचा भूकंप घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल.

उपाय ठरलेला आहे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड साधारण दोन फूट उंचीवर आणि चार फुटांच्या अंतरावर घालायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. शिवाय लिंटल आणि छपराच्या पातळीला सळईसह काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवायचा. आपल्या घराला असे दोन पट्टे घातले तर माझ्या हिशोबाने आठेक सिलिंडर वाढतात. ही आठ सिलिंडर वाचवण्याची जागा नाही. पट्टा कोपऱ्यात तुटक ठेवला असेल किंवा खिडकीपुरताच घातला असेल, तर तो नसल्यासारखाच समजा.

मातीचे ब्लॉक: कुठली माती चालते?

सगळ्यात मोठी बचत मातीच्या दाबलेल्या ब्लॉकमध्ये आहे. मातीत साधारण सहा टक्के सिमेंट मिसळतात, हातयंत्रात दाबतात आणि भाजतच नाहीत. भारतीय विज्ञान संस्थेने यासाठी ‘मर्दिनी’ नावाचं हातयंत्रही विकसित केलं. अशा बांधकामाला घनमीटरला 646 मेगाज्यूल लागतात. आपली 19 सेंटिमीटर जाडीची भिंत 8 हजारांत होते, म्हणजे एकोणपन्नासाच्या जागी बाराच सिलिंडर.

पण माती कुठलीही चालत नाही. नीरा खोऱ्यातली शेताची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. तिचा ब्लॉक काढाल तर पहिल्याच उन्हाळ्यात तो चिरेल. डोंगरउताराची तांबूस, रेताड माती हवी.

ओळखायचं कसं? पारदर्शक बाटली अर्धी मातीने आणि वर पाण्याने भरा, चिमूटभर मीठ टाका, खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. जाड वाळू पहिल्या मिनिटातच तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात वर राहते. वाळू दोन-तृतीयांशाच्या आसपास दिसली आणि वरचा चिकण थर पातळ असला तर माती चांगली. वाळू कमी असेल तर क्रशरची डस्ट मिसळून सुधारता येते.

बाटलीने एक गोष्ट मात्र कळत नाही: ती चिकणमाती फुगणारी आहे का. त्यासाठी दोन फूट लांबीच्या, आतून तेल लावलेल्या लाकडी पट्टीसाच्यात ओली माती भरून सावलीत सुकवा. एक इंचाहून जास्त आकसली तर ती माती सोडून द्या. ब्लॉक निघाल्यावरही तीन आठवडे ओले ठेवावे लागतात. नेमकं हेच काम घाईत टळतं, आणि मग दोष मातीच्या माथी येतो. बाहेरच्या बाजूला पावसाची झोड येते तिथे छपराची वळचण रुंद ठेवा आणि जोतं उंच घ्या.

छपराचं काय?

लॉरी बेकर यांनी केरळात फिलर स्लॅब रूढ केला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, म्हणून तिथे मंगलोरी कौलं भरायची. तो चांगला आहे, पण ऊर्जा 730 वरून 590 वरच येते. म्हणजे चौतीसाचे सत्तावीस सिलिंडर. उतरतं कौलारू छप्पर चौरस मीटरला 227 मेगाज्यूलचं. उतारामुळे क्षेत्रफळ 36 मीटर धरलं तरी तेरा सिलिंडर.

कौलं आता का बसवत नाही, असं इथे कुणालाही विचारा. उत्तर एकाच शब्दात मिळतं: माकडं. त्यावर ऊर्जेच्या आकड्यांकडे उत्तर नाही. म्हणून लोक पत्रा टाकतात, आणि ऊर्जेच्या दृष्टीने ते वाटतं तेवढं वाईट नाही. लोखंड महाग असलं, तरी पत्रा इतका पातळ असतो की चौरस मीटरला चार-साडेचार किलोच भरतो. खालचे लोखंडी पाइप वेगळे मोजायचे. उन्हाळ्यात घर तापतं, तो भाग मात्र राहतोच.

मातीचे ब्लॉक, दोन पट्टे आणि कौलं मिळून तेहेतीस सिलिंडर होतात. आधी त्र्याऐंशी होते.

आता गावोगाव दिसणाऱ्या त्या कॉलमांकडे वळू. एकमजली घरालाही आठ कॉलम आणि बीम, वर उघड्या सळ्या, ‘पुढे मजला चढवायचाय’ म्हणून. त्यात तीन-साडेतीनशे किलो जादा सळई गेली तर वीसेक सिलिंडर तिथेच संपतात. मजला खरंच दोन-तीन वर्षांत चढणार असेल तर ठीक. नाहीतर सळ्या गंजतात आणि पुढे त्याच कॉलमवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि जे जुनं घर पाडलं, त्यातली साबूत कौलं, जोत्याचे दगड आणि सागाची तुळई यांची ऊर्जा आजोबांच्या काळात कधीच खर्च झाली आहे. आता ती वापरली तर हिशोबात जवळपास शून्य धरायची. कौल वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे. तुळईत टोकदार खिळा खुपसून पाहा, विशेषतः भिंतीत गाडलेल्या टोकांना, कारण वाळवी आधी तिथेच लागते. एवढं जेसीबी बोलवायच्या आधी करावं लागतं. नंतर सगळं एकाच ट्रॉलीत जातं.