फोननंतरची ईमेल

फोनवर भाव ठरतो, पण दोघांच्या लक्षात तो वेगवेगळा राहतो. समजा, भोसरीचा एक उत्पादक नाशिकच्या कार्यालयाला 40 खुर्च्या देणार आहे. बोलणं झालं ते 4,500 रुपयांवर. ग्राहकाने मध्येच विचारलं, “शंभर घेतल्या तर 4,200 ला द्याल का?” उत्तर मिळालं, “बघू.” घोळ होतो तो इथेच, कारण महिन्याभराने ग्राहकाला 4,200 हाच आकडा आठवतो.

म्हणून त्याच दिवशी ईमेल जायला हवी. तिच्यात ठरलेलं आणि नुसतं चर्चेत आलेलं वेगळं लिहावं: “40 खुर्च्या, प्रत्येकी 4,500, एकूण 1,80,000 रुपये. 18 टक्के जीएसटी 32,400 धरून 2,12,400. वाहतूक वेगळी. शंभर खुर्च्यांचा 4,200 हा भाव अजून ठरलेला नाही.” भाव कोणत्या तारखेपर्यंत लागू, हेही लिहावं, पोलाद महागलं की हीच ओळ उपयोगी पडते.

पुढच्या कामापुढे माणूस आणि तारीख हवी. “लवकरच कळवतो” याला माझ्या मते काहीच किंमत नाही. “कापडाचे नमुने आम्ही सोमवारी पाठवतो, रंग तुम्ही गुरुवारपर्यंत कळवा” असं लिहावं. शेवटी विचारावं, “यात काही वेगळं ठरलं होतं का?”