पहिले पाच किलोमीटर (भाग ५) : धावायचं नाही, त्या दिवसाचीही आठवण

मागच्या आठवड्यात तुम्ही तीन आणि पाच मिनिटांचे टप्पे पूर्ण केलेत. या आठवड्याच्या शेवटी वीस मिनिटं सलग धावायचं आहे, मध्ये चालणं नाही. नऊ आठवड्यांच्या या आखणीत सर्वांत जास्त माणसं याच दिवसाला घाबरतात. ही आखणी मुळात जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आपल्या आईसाठी तयार केली. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने ती स्वीकारली आणि आज जगभर नवखे लोक तिच्याच आधाराने धावायला लागतात.

आधी आठवड्याचे तीन दिवस पाहू. पहिल्या दिवशी पाच मिनिटं धावणं आणि तीन मिनिटं चालणं, असं करत धावण्याचे तीन टप्पे. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं धावणं, पाच मिनिटं चालणं, पुन्हा आठ मिनिटं धावणं. तिसऱ्या दिवशी सलग वीस. प्रत्येक वेळी सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं झपझप चालणं आहेच. आता नुसत्या धावण्याची बेरीज करा : पंधरा, सोळा, वीस. म्हणजे पायांवरचा भार फारसा वाढत नाही, फक्त मधली उसंत निघून जाते. ती भरून काढायची तर वेग कमी करायचा. शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे, मग तो कितीही हळू वाटत असो.

दम हा या आठवड्यातला खरा धोका नाहीच. खरा धोका असतो विश्रांतीच्या दिवशी, जेव्हा छान वाटत असतं.

नियमित धावायला लागलं की रक्तातला द्रवभाग पहिल्या दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि धाप कमी लागते. स्नायूही लवकर सरावतात. हाडांचं मात्र तसं नाही. नव्या भाराला तयार होताना हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरण्याला काही महिने लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, छाती ‘अजून पळ’ म्हणत असताना नडगीचं हाड काही जागी तात्पुरतं कमजोर असू शकतं. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचंही थोडंफार असंच आहे. धावून आल्यावर पहिला एक-दीड दिवस त्यांच्यात झीज जास्त आणि भरणी कमी होते, नंतर पारडं फिरतं. मधला रिकामा दिवस त्यासाठी आहे. रोज धावणारा नवखा माणूस दरवेळी झिजलेल्या कंडरेवरच पुढचा भार टाकत असतो.

म्हणून मी फोनवर आठवड्याला तीनच आठवणी लावायला सांगत नाही. धावण्याच्या तीन लावायच्या, आणि न धावण्याच्याही लावायच्या.

समजा, ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत. त्यांनी मंगळवार, गुरुवार आणि रविवार हे दिवस ठरवले, सकाळी सहाची वेळ. ही निवड चांगली आहे, कारण आठवड्यातला सर्वांत कठीण दिवस रविवारी येतो आणि त्याआधी दोन दिवस विश्रांती मिळते. धावण्याची आठवण त्यांनी आदल्या रात्री साडेनऊला लावली. पहाटेच्या गजराला माणूस सहज हरतो. रात्रीच्या आठवणीने मात्र कपडे बाहेर निघतात, बूट दाराशी येतात आणि झोपायची वेळही पुढे सरकत नाही. आठवणीत नुसतं ‘धावणं’ लिहू नये. ‘उद्या ८ धाव, ५ चाल, ८ धाव. हळू.’ असं लिहावं. सकाळी काही ठरवायला उरता कामा नये.

विश्रांतीच्या दिवसाची आठवण संध्याकाळी, घरी परतल्यावरच्या वेळेला असावी, आणि तिच्यात एखादं छोटं काम असावं. नुसतं ‘आज विश्रांती’ लिहिलं तर दोन दिवसांत डोळा ते वाचेनासा होतो. त्यांनी शुक्रवारसाठी लिहिलं : ‘आज धावायचं नाही. जिना उतरताना काय दुखतं ते बघ. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरव.’ शनिवारसाठी : ‘चालणं चालेल, धावणं नाही. कालचं दुखणं कमी की जास्त?’

गुरुवारची आठ-आठ मिनिटं उत्तम झाली. शुक्रवारी त्या अगदी ताज्या होत्या आणि वीस मिनिटांची रंगीत तालीम करावी असं त्यांना वाटत होतं. आठवण वाचून त्या थांबल्या. बोट फिरवल्यावर उजव्या नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत हलकं दुखलं. पोटऱ्या भरून आल्या असत्या तर काळजीचं कारण नव्हतं, ते दुखणं स्नायूंचं असतं आणि दोन दिवसांत जातं. नडगीच्या कडेला असं पसरलेलं दुखणं मात्र भार थोडा जास्त होतोय, याची खूण आहे. शनिवारी ते कमी झालं, पण गेलं नाही. अशा वेळी रविवारी वीस मिनिटं धावायची नाहीत. त्या फक्त चालल्या, मंगळवारी नडगी दुखेनाशी झाल्यावर आठ-आठ मिनिटंच पुन्हा केली, आणि वीस मिनिटं पुढच्या दिवसावर गेली. आखणी नऊऐवजी दहा आठवड्यांची झाली, एवढंच.

दुखणं एका बोटाच्या टोकाखाली मावेल इतक्याच जागी असेल, धावताना कमी न होता वाढत जात असेल, साधं चालताना किंवा रात्री पडल्यावरही जाणवत असेल, तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता असते. धावणं त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा बहुधा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून पुन्हा धावायला लागू नका, तपासणी पुढे करायची का हे डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर अर्थातच तिथेच थांबायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

चुकलेल्या दिवसाचं काय करायचं, हेही बरेच जण विचारतात. गुरुवारी पाहुणे आले आणि धावणं राहिलं, तर शुक्रवारी धावा. शनिवार रिकामा राहतो आणि रविवार ठरल्याप्रमाणे होतो. शुक्रवारही गेला तर गुरुवारचं काम रविवारी करा आणि वीस मिनिटं मंगळवारी. शनिवार-रविवार लागोपाठ धावून हिशेब जुळवू नका. पूर्ण आठवडा बुडाला, तर एक आठवडा मागे या.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. नवव्या आठवड्यात तुम्ही तीस मिनिटं सलग धावाल, पण ते पाच किलोमीटर होतीलच असं नाही. तीस मिनिटांत पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, नवख्यासाठी हा बऱ्यापैकी जोरातला वेग आहे. किलोमीटरला आठ मिनिटं लागत असतील तर तीस मिनिटांत पावणेचार किलोमीटर होतात, उरलेल्या सव्वा किलोमीटरला आणखी दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं नवव्या आठवड्यानंतर, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवायची आहेत, वेग वाढवून नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी फोनवर या आठवड्याच्या आठवणी लावून टाका, आणि त्यातही विश्रांतीच्या दिवसांच्या आठवणी सर्वांत आधी लावा.