मूर्तींवरचे टिंब कुठे गेले?

‘मंडळांच्या मूर्तींची उंची ठरली’ असा मथळा एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावर झळकतो, पण ‘मूर्तींची’वरचे टिंबच दिसत नाही. वाचणाऱ्याला ते ‘मूर्तीची’ वाटते आणि अनेक मूर्तींची एकच होऊन बसते. लिहिणाऱ्याने अनुस्वार दिलेला असतो. तो कापला जातो मांडणीत.

‘र्तीं’ या अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे शिरोरेषेच्या वर दाटीने बसतात. ‘ट्रूमन’मधल्या ‘ट्रू’खाली तसाच दुमजली पसारा असतो. म्हणून देवनागरी फॉन्ट करणारे वर-खाली भरपूर जागा राखतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये ही राखीव उंची अक्षराच्या मापाच्या सुमारे 1.66 पट आहे.

आता इंग्रजी मथळ्यांसाठी आखलेली चौकट घ्या. अक्षर 24 पिक्सेल, ओळीची उंची त्याच्या 1.1 पट, म्हणजे 26.4 पिक्सेल. ‘मुक्ता’ला हवे असतात जवळपास 40. उरलेले साडेतेरा पिक्सेल वर आणि खाली निम्मे-निम्मे ओळीबाहेर जातात. एवढ्याने चिन्हे कापली जात नाहीत, ती शेजारच्या ओळीवर चढतात. कात्री चालवते ती `overflow: hidden` ही सूचना. मथळा दोनच ओळींत मावावा म्हणून ती लावलेली असते, आणि चौकटीबाहेर जे जाईल ते ती झाकून टाकते.

त्यामुळे दुखणे ओळखणे सोपे आहे. पहिल्या ओळीचे वरचे टोक आणि शेवटच्या ओळीचे खालचे टोक कापलेले, मधल्या ओळी मात्र एकमेकींना भिडलेल्या पण शाबूत, असे दिसले की दोष ओळीच्या उंचीचा. खात्रीसाठी ती सूचना क्षणभर काढून पाहावी. टिंब परत आले तर निदान बरोबर. नाही आले तर फॉन्ट तपासावा.

उपाय करताना बरेच जण चौकटीला वर-खाली मोकळी जागा देतात. वर ती चालते. खाली दिली, की दोन ओळींनंतर लपवलेल्या तिसऱ्या ओळीच्या वेलांट्या त्या फटीतून डोकावू लागतात. म्हणून उंची ओळीचीच वाढवावी, आणि जागा वाचवायची असेल तर अक्षर थोडे लहान करावे:

```css
.title:lang(mr) {
  font-size: 22px;
  line-height: 1.4;
  padding-top: 0.15em;
}
```

दोन ओळींचा मथळा आधी 52.8 पिक्सेल घेत होता, आता सुमारे 65 घेतो. हे बारा पिक्सेल छायाचित्रातून किंवा खालच्या मोकळ्या जागेतून काढावे लागतात, आणि ते काढावेतच. `:lang(mr)`मुळे इंग्रजी मथळे जसेच्या तसे राहतात. मात्र त्यासाठी पानावर `lang="mr"` लिहिलेले असायला हवे. फॉन्ट बदलला तर 1.4 हा आकडाही पुन्हा तपासावा. तपासणीच्या मजकुरात ‘मूर्तींची’ पहिल्या ओळीत आणि ‘ट्रूमन’ शेवटच्या ओळीत येईल असे पाहावे.