बारावीला सहा विषय आहेत? मग ‘बेस्ट फाइव्ह’ची टक्केवारी अशी काढा

सीबीएसईचा बारावीचा निकाल हातात आला, पण गुणपत्रिकेवर टक्केवारी कुठेच दिसत नाही? घाबरू नका. हे मंडळ टक्केवारी देतच नाही. सहा विषय असतील तर त्यातले कोणते पाच धरायचे, हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. त्यामुळे एकाच गुणपत्रिकेची टक्केवारी दोन ठिकाणी वेगळी निघू शकते.

एक उदाहरण पाहू. समजा, तुमचे गुण असे आहेत: इंग्रजी ७८, भौतिकशास्त्र ६१, रसायनशास्त्र ६६, गणित ५८, कॉम्प्युटर सायन्स ९१ आणि शारीरिक शिक्षण ९५.

साधा ‘बेस्ट फाइव्ह’

सर्वांत कमी गुणांचा विषय, म्हणजे इथे गणित, बाजूला ठेवा. उरलेल्या पाच विषयांची बेरीज होते ३९१. तिला ५०० ने भागून १०० ने गुणा, की उत्तर येते ७८.२ टक्के. सहाही विषय धरले असते, तर ६०० पैकी ४४९ म्हणजे ७४.८३ टक्केच झाले असते.

बेरीज करताना लेखी आणि प्रात्यक्षिकाचे गुण वेगवेगळे धरू नका, फक्त एकूण गुणांचा रकाना बघा. ज्या विषयांना नुसती श्रेणी मिळते, ते या हिशेबात येत नाहीत.

इंजिनीअरिंगला हिशेब बदलतो

जेईईमार्फत आयआयटी किंवा एनआयटीत जायचे असेल, तर गणित वगळता येत नाही. तिथे एक भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे चार विषय ठरलेले असतात. पाचवा विषय तेवढा उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा घेतला जातो.

आता पुन्हा बेरीज करा: ७८, ६१, ६६, ५८ आणि ९५ मिळून होतात ३५८, म्हणजे ७१.६ टक्के. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गासाठी ७५ टक्क्यांची अट आहे, म्हणजे ५०० पैकी ३७५ गुण हवेत. घरी सगळे ७८ टक्क्यांचे पेढे वाटत असताना इथे मात्र १७ गुण कमी पडतात! अशा वेळी दुसरा मार्ग उरतो, तो म्हणजे आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे.

फॉर्म भरण्याआधी

माहितीपत्रकात पात्रतेचा भाग उघडा आणि सक्तीचे विषय कोणते ते आधी वाचा. ते विषय प्रथम लिहा आणि उरलेल्या जागीच जास्त गुणांचे विषय भरा. प्रत्येक संस्थेसाठी ही बेरीज वेगळी करा. एका फॉर्मवरचा आकडा दुसऱ्या फॉर्मवर तसाच उतरवला, तर कागदपत्रे तपासताना तो चुकीचा ठरू शकतो.