भाव उतरला, चेहराही

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव चालू आहे. कांद्याने भरलेल्या ट्रॉलीशेजारी शेतकरी कपाळाला हात लावून बसला आहे. या फोटोखाली काय लिहाल? पहिल्या झटक्यात सुचते ते ‘कांद्याने रडवले’. पण रडवले कोणाला? कांदा महागला की गिऱ्हाईक रडते, पडला की शेतकरी. दोन्ही वेळी हीच ओळ चालत असेल, तर बाजारात नेमके काय झाले ते तिच्यातून कळणार कसे?

त्याऐवजी ‘भाव उतरला, चेहराही’ लिहून पाहा. मराठीत भाव उतरतो तसा चेहराही उतरतो, त्यामुळे एका क्रियापदाने ओढाताण न करता दोन्ही कामे केली. भाव बातमीतला, चेहरा समोर दिसतोय. ‘भाव’ म्हणजे चेहऱ्यावरचे भावही, हे कोणाला मागाहून जाणवेल. नाही जाणवले तरी ओळ लंगडत नाही. श्लेष जमला की नाही, हे मी असेच तपासतो: दुसरा अर्थ निसटला तरी पहिला धड उभा राहिला पाहिजे. बाजार कुठला, दिवस कोणता, क्विंटलला किती मिळाले, हे मात्र खालच्या साध्या वाक्यात द्यायचेच.

म्हणीचे गणित थोडे वेगळे. मोडलेली म्हण कळायला मूळ म्हण कानात असावी लागते. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. त्या फोटोसाठी मी आज सहज ओळ जुळवली: ‘आधीच उल्हास, त्यात आषाढ मास’. फक्त ‘फाल्गुन’ बदलला. ठेका तोच, यमक तेच, महिनाही खरा, आणि ‘उल्हास’ची झाली नदी. बदलापूरकराला ती चटकन कळेल. नागपूरच्या वाचकाला नदीचे नाव ठाऊक नसेल, तर छपाईत महिना चुकला असे वाटेल. ‘उल्हासला पूर’ एवढे दोन शब्द आधी आले की त्याचीही अडचण सुटते.

तरी त्या दिवशी ही ओळ मी दिली नसती. शेकडो माणसे डब्यांत अडकलेली असताना वाचक आधी त्यांची खुशाली शोधतो. तिथे कोटी दिसली की तो कोटीवर नव्हे, लिहिणाऱ्यावर चिडतो. पुढे सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. मग आठवड्याने ही ओळ चालली असती का? कदाचित. पण तोवर फोटोच शिळा झालेला असतो.

आणखी एक खड्डा म्हणीतल्या पात्रांचा. दाखल्यासाठी तलाठी कार्यालयाबाहेर ताटकळलेल्या माणसाच्या फोटोखाली ‘अडला हरी’ एवढेच लिहिले, तरी उरलेली म्हण वाचक मनातल्या मनात पुरी करतो. आणि मग त्याची नजर टेबलापलीकडे बसलेल्या माणसाकडे जाते.